‘लग्नाचं काय?’ या प्रश्नानंतरचा मेल

“मी २७ वर्षांची. बी.कॉम. झालंय, सीएंच्या ऑफिसात कामाचा अनुभव आहे. परवा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्स्पोर्ट युनिटमध्ये डॉक्युमेंटेशनच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला. पगार वीस हजारांच्या आसपास सांगितलाय. सुरुवात छान झाली. मग लग्न कधी, सासर पुण्याचं मिळालं तर काय, मूल झाल्यावर नोकरी करणार का, असं सुरू झालं. मी गोंधळून ‘अजून दोन वर्षं लग्नाचा विचार नाही’ म्हणून गेले. खरं तर घरी स्थळं बघणं चालू आहे. पुढच्या गुरुवारी मालकांशी शेवटची भेट आहे. नोकरी मला हवी आहे. पण बोलले तर ‘ही कटकटी आहे’ म्हणून नाव काढतील, आणि नाही बोलले तर मालकही तेच विचारतील. काय करू?”
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुम्हाला उत्तर देते.

मालकांच्या भेटीआधी एचआरला एक छोटा मेल पाठवा, असं माझं मत आहे. तो कसा लिहायचा ते पुढे देते. पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट तपासून बघू. बोलणं म्हणजे तक्रार करणं, असं तुम्ही धरून चाललात. तक्रार झालेल्या गोष्टीबद्दल असते, आणि तिच्यात कुणाला तरी दोषी ठरवावं लागतं. तुमची निवड अजून व्हायची आहे. या टप्प्यावर ‘माझी पारख कामावरून व्हावी’ एवढंच मागता येतं, आणि तेवढं मागणाऱ्या उमेदवाराला कटकटी म्हणणं कुणालाही जड जातं. मी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं बसलेय. तिथे नाव मागे पडतं ते आरोपाचा सूर लागला म्हणून. नीट, कामाला धरून लिहिलेल्या पत्रामुळे ते सहसा मागे पडत नाही.

आता तो इंटरव्ह्यू आठवा. कामावरून घरावर गाडी नेमकी कुठे वळली? तुमच्या जागेचं काम मला माहीत आहे, म्हणून अंदाज करते. कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, एलसीच्या म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशांसाठी दिलेल्या हमीपत्राच्या अटी, बँकेत कागद सादर करणं हे सगळं विचारून झालं असणार. मग कुणीतरी म्हणालं असेल, कंटेनर न्हावाशेवा बंदराला निघायचा असतो त्या दिवशी उशीर होतो. तिथून ‘घरचे थांबू देतील का?’ आणि तिथून ‘लग्न झाल्यावर काय?’ बहुतेक वेळा असंच घडतं. सोलापुरात तर ‘कुठल्या गावच्या, घरी कोण कोण’ हे विचारल्याशिवाय चहासुद्धा येत नाही, आणि विचारणाऱ्याला आपण काही वावगं बोललो असं वाटतही नाही. म्हणून ते योग्य ठरतं असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी पुरुष उमेदवार असता तर त्याला मूल झाल्यावर नोकरी करणार का असं कुणी विचारलं नसतं. पण प्रश्नामागे खोडसाळपणापेक्षा सवय आणि धास्ती जास्त असेल, तर तुमचं पत्रही त्या धास्तीलाच उत्तर देणारं हवं.

ती धास्ती काय असते? डॉक्युमेंटेशनचा माणूस तयार व्हायला काही महिने जातात. एलसीतल्या एखाद्या अटीशी कागद जुळला नाही तर बँक पैसे अडवते. असं काम शिकवलेली मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, ही एक चिंता. दुसरी बाळंतपणाच्या रजेची. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा असते आणि लहान मालकाला तो आकडा मोठा वाटतो. पण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली माणसं ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात, आणि त्यांच्या बाळंतपणाच्या रजेतले पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, ईएसआय महामंडळ देतं. कारखाना ईएसआयमध्ये असेल तर तुमच्या पगाराला हेच लागू होईल. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. मेलमध्ये किंवा भेटीत यातलं अक्षरही काढू नका. तुम्ही बाळंतपणाचा हिशोब मांडायला बसलात की तो विषय तुम्हीच निवडीत आणून ठेवलात असं होतं.

कायद्याची बाजू थोडक्यात आणि आहे तशी सांगते. खासगी कंपनीने इंटरव्ह्यूत लग्नाबद्दल नुसतं विचारणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. मनाई आहे ती त्या उत्तरावरून नोकरी नाकारण्याला. एकाच प्रकारच्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष असा भेद करू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं. आता तेच वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. अडचण पुराव्याची. नाकारताना ‘तुमचं लग्न होणार म्हणून’ असं कुणी लिहून देत नाही. म्हणून या टप्प्यावर कायदा दाखवून फारसं काही हाती लागत नाही. तो तुमच्या मनात असू द्या, कागदावर नको.

तुमच्या ‘दोन वर्षं विचार नाही’ या वाक्याबद्दल. ते तुम्हाला टोचतंय हे पत्रातून कळतं. नीरा माथुर यांचा खटला तुम्हाला सांगायला हवा. एलआयसीत असिस्टंट म्हणून त्यांची निवड झाली. त्याआधी एक फॉर्म भरून घेतला होता, त्यात पाळी केव्हा आली, गरोदरपण, असले प्रश्न होते. पुढे त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली, आणि फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली असं म्हणून त्यांना नोकरीवरून कमी केलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकानेच फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. बाईला लाज वाटावी असे ते प्रश्न आहेत, हे न्यायालयाचं म्हणणं होतं. एलआयसी सरकारी संस्था आहे. खासगी कारखान्याला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण विचारायलाच नको होतं अशा प्रश्नाला दिलेल्या उत्तराकडे कसं बघावं, हे त्यातून कळतं. तुम्ही गोंधळून त्या वेळी सुचलं ते बोललात. तो काही करार नव्हता. त्यामुळे मेलमध्ये ते वाक्य दुरुस्त करू नका, आणि पुन्हा लिहूही नका. एकदा लेखी गेलं की तो शब्द दिल्यासारखा होतो.

आज बसून आधी एक टिपण करा, फक्त स्वतःसाठी. तारीख, वेळ, कोण कोण समोर होतं, आणि प्रश्न त्यांच्याच शब्दांत. ‘वैयक्तिक प्रश्न विचारले’ असं मोघम नको. ‘अकाउंट्स मॅनेजर: सासर पुण्याचं मिळालं तर आम्ही काय करायचं? मी: अजून दोन वर्षं विचार नाही. त्याआधीचा प्रश्न: एलसीतल्या शेवटच्या शिपमेंट तारखेबद्दल,’ असं हवं. आठवड्याभराने शब्द विसरले जातात आणि राग तेवढा उरतो. हे टिपण कुणाला पाठवायचं नाही. व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीलाही नाही. सोलापुरात कुणाचा मामा कुणाच्या कारखान्यात आहे हे आपल्याला कळत नाही, आणि तुमचा निरोप तिखटमीठ लागून मालकांपर्यंत तुमच्या मेलच्या आधी पोचेल.

आता मेल. ज्यांनी तुम्हाला इंटरव्ह्यूचं बोलावणं पाठवलं त्यांनाच पाठवायचा, त्याच मेलला उत्तर म्हणून. अकाउंट्स मॅनेजरना नाही, मालकांना नाही आणि सीसीत कुणीही नाही. अशा युनिटमध्ये एचआर म्हणजे पुष्कळदा टाइम ऑफिस सांभाळणारा एकच माणूस असतो. तरी चालेल. त्याला हे प्रकरण वर न्यायला लागू नये, अशा भाषेत लिहिलं की तो आपणहून ‘गुरुवारी कामाचंच विचारा’ असा निरोप आत देऊ शकतो. प्लेसमेंट कन्सल्टंटकडून गेला असाल तर हे त्याच्या तोंडून सांगू नका. त्याचं कमिशन तुमच्या जॉइनिंगवर असतं. तो एकतर निरोप गिळून टाकेल, नाहीतर ‘मॅडम नाराज आहेत’ एवढंच पोचवेल.

भाषा तीच ठेवा, ज्यात त्यांचा मेल आला होता. मराठीत तो साधारण असा होईल:

‘नमस्कार सर,
मंगळवारच्या इंटरव्ह्यूसाठी वेळ दिलात, आभारी आहे. शिपिंग बिल आणि एलसीच्या कागदपत्रांबद्दल झालेल्या बोलण्यातून या जागेचं काम मला नीट समजलं आणि ते करायची माझी इच्छा पक्की आहे.
कामाच्या गरजेबद्दल दोन गोष्टी स्पष्ट करते. शिपमेंटच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबावं लागतं, ते मला मान्य आहे. फाइल्स अशा ठेवेन की माझ्या गैरहजेरीत दुसऱ्याला काम पुढे नेता येईल, आणि नोकरी सोडायची वेळ आली तर ठरलेला नोटीस पिरियड पूर्ण करून काम सोपवून जाईन.
बोलण्याच्या ओघात काही प्रश्न लग्न आणि कुटुंबाकडे गेले. ते माझ्या कामाशी जोडलेले नाहीत, म्हणून माझा विचार कामावरून आणि अनुभवावरून व्हावा ही विनंती. पीएफ, ईएसआयच्या फॉर्मसाठी घरची जी माहिती लागते ती जॉइनिंगच्या वेळी देईनच.
गुरुवारी सांगितलेल्या वेळी येते.’

मधला परिच्छेद महत्त्वाचा आहे. पुण्याच्या सासराबद्दल विचारणाऱ्याला खरं तर ‘मध्येच काम सोडून गेलात तर?’ हे विचारायचं होतं. त्याचं उत्तर नोटीस पिरियड आणि नीट ठेवलेल्या फाइल्स हे आहे, आणि ते पुरुष उमेदवारालाही तेवढंच लागू पडतं. तुम्ही त्याच्या काळजीला उत्तर दिलंत आणि स्वतःचं घर बाहेर ठेवलंत. उशिरा थांबायचं मान्य केलं तरी एक लक्षात असू द्या. बाईला संध्याकाळी ७ नंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था करणं मालकाचं काम आहे, असं नव्या कामगार संहितेत आहे. चिंचोळीहून जुळे सोलापूरला रात्री कसं यायचं, हे ऑफर हातात आल्यावर जरूर विचारा. आधी नको. आणि खरंच थांबणं जमणार नसेल तर ते वाक्य लिहूच नका.

पीएफ-ईएसआयचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. वैवाहिक स्थिती कंपनीला कधी ना कधी लागतेच. पीएफचं नॉमिनेशन, ईएसआयमध्ये कुटुंबाची नोंद, यासाठी ती विचारणं रास्त आहे. पण त्याची वेळ निवड झाल्यानंतरची. एवढं म्हटलं की तुम्ही काही लपवताय असं वाटत नाही, आणि एचआरच्या माणसाला हा फरक लगेच कळतो, कारण ते फॉर्म तोच भरून घेतो.

‘अपमान’, ‘भेदभाव’, ‘बेकायदेशीर’ हे शब्द या मेलमध्ये नकोत. तुमचा राग खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण असला शब्द वाचला की एचआर तुमचा अर्ज बाजूला ठेवून आधी मालकांना आणि मग वकिलाला विचारतो, आणि गुरुवार निघून जातो. याला एक अपवाद आहे. प्रश्न शरीराकडे, कपड्यांकडे किंवा लैंगिक बोलण्याकडे गेले असते तर मी वेगळं सांगितलं असतं. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात तक्रार करायला बाई तिथे नोकरीला असावी लागत नाही. उमेदवारालाही अंतर्गत समितीकडे, आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत जाता येतं. तिथे अर्ज जिवंत ठेवायचा विचार मागे राहतो. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

मेल गेल्यावर बहुधा फोन येईल. ‘अहो, तसं काही नव्हतं, सहज विचारलं, मनावर घेऊ नका.’ हे ऐकून पुष्कळ मुली चिडतात आणि सगळं पुन्हा समजावून सांगायला लागतात. तसं करू नका. तो माणूस माफी मागू शकत नाही, पण निरोप पोचला हे सांगतोय. ‘हो सर, मलाही तेवढंच सांगायचं होतं. गुरुवारी येते,’ म्हणा आणि फोन ठेवा. मग मेलवर एक ओळ टाका, ‘फोनबद्दल आभार, गुरुवारी ११ ला येते,’ म्हणजे बोलणं झाल्याची नोंद राहते. उत्तरच आलं नाही तर बुधवारी फक्त भेटीची वेळ नक्की करून घ्या. मेलची आठवण काढू नका. तो वाचला गेलाय.

गुरुवारी मालकांनी पुन्हा विचारलंच तर? घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा: ‘सर, घरचं घरी बघू. कामाला वेळ लागेल तेव्हा थांबायची माझी तयारी आहे. तुमच्याकडे महिन्याला साधारण किती कंटेनर जातात?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. मालकाला आपल्या धंद्याबद्दल बोलायला आवडतं आणि गाडी तिथे वळते. त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, किंवा ‘दोन वर्षं लग्न करणार नाही असं लिहून द्या’ म्हणाले, तर तिथे काम करणं कसं असेल हे तुम्हाला त्याच खोलीत कळलं. लग्न करणार नाही असा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुळातच रद्दबातल असतो. पण सही केलीत तर तो कागद तुमच्या डोक्यावर राहतोच. ‘नोटीस पिरियडची सही करते, याची नाही,’ इतकं सांगा. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतो म्हणाले तर तीही द्यायची नाहीत, झेरॉक्स द्यायची.

काही न करता गुरुवारी तसंच जावं, हाही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. घरात पगाराची निकड असेल, दुसरी जागा समोर नसेल, तर आधी ऑफर हातात घ्या आणि फक्त वरचं बोलायचं वाक्य तयार ठेवा. मला मेलचा मार्ग बरा वाटतो तो एवढ्यासाठी की तुमची भेट अजून व्हायची आहे, त्यामुळे मेलचा उपयोग त्या भेटीत होतो. नकार आल्यावर हेच पत्र लिहिलं तर ते नकाराच्या रागातून आलंय असं वाचलं जातं.

नकार आलाच तर एकच प्रश्न विचारा: कामाच्या दृष्टीने माझ्यात काय कमी पडलं? उत्तर लेखी मिळालं तर जपून ठेवा. त्यात किंवा फोनवर लग्नाचं कारण उघड आलं, तर तुमचं टिपण, तुमचा मेल आणि ते उत्तर घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येईल. नुसत्या संशयावर जाऊन मात्र हाती काही लागणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

हे पत्र वाचणाऱ्यांत नव्याने लग्न झालेल्या, लहान मूल असलेल्या, घटस्फोट झालेल्या पुष्कळजणी असतील. तुमच्यासाठी फक्त मेलचा मधला परिच्छेद बदलेल. ‘मुलाला कोण बघणार?’ यामागचा कामाचा प्रश्न ‘वेळेवर याल ना?’ हा असतो. त्याला ‘सकाळी ९ ची वेळ मला सोयीची आहे’ हे उत्तर पुरतं, सासूबाई बघतात की पाळणाघर हे सांगायची गरज नाही. ‘गुड न्यूज कधी?’ यामागे लांबची रजा असते. त्याला ‘रजा कंपनीच्या नियमाप्रमाणे आणि आधी कळवून घेईन’ एवढंच. ‘वेगळं का झालात?’ यामागे कामाचा प्रश्न कुठलाच नसतो, तिथे मधला परिच्छेद गाळून थेट विनंतीवर या.

मेल आज रात्री लिहा, उद्या सकाळी एकदा वाचा आणि दहाच्या आत पाठवून द्या.